बायपासनंतर पाळी बदलली: गोळी, तांबी की आणखी काही?

«माझं वय ३१, उंची १५८ सेंटिमीटर. १२ एप्रिलला नाशिकमध्येच वजन कमी करण्यासाठी मिनी गॅस्ट्रिक बायपास झालं. तेव्हा वजन ११४ किलो होतं, आता ८६ आहे. पीसीओएसमुळे पूर्वी पाळी तीन-चार महिन्यांनी यायची, तीही गोळ्या घेतल्यावर. ऑपरेशननंतर २४ मेला आपोआप आली, मग १९ जूनला, मग २७ जुलैला. शेवटची नऊ दिवस चालली, गाठी पडत होत्या. आज ६ सप्टेंबर, अजून पाळी नाही. उपचारांशिवाय दिवस राहणार नाहीत असं पूर्वी एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून आम्ही काहीच वापरत नव्हतो. शेवटचा संबंध १५ ऑगस्टला आला. श्रावणी सोमवारही केले. सासूबाई म्हणतात, पाळी सुरू झाली, आता उशीर कशाला? सर्जन म्हणतात, दीड वर्ष थांबा. घरात कुटुंबनियोजनाच्या जुन्या गोळ्या आहेत, त्या सुरू करू का?
– एक वाचक, पंचवटी»

ताई, गोळ्यांचं नंतर बघू. आधी कोणत्याही मेडिकलमधून प्रेग्नन्सी टेस्टचं किट आणा आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट करा. किटवर जितकी मिनिटं लिहिली असतील तितक्याच वेळाने रेषा बघा. तासाभराने दिसलेली पुसट रेषा धरू नका. संबंध आल्यापासून २१ दिवस उलटले की या टेस्टचा «नाही» विश्वासाने धरता येतो, कारण तोवर गर्भ रुजून त्याचं हार्मोन लघवीत पुरेसं उतरलेलं असतं. १५ ऑगस्टपासून तुमचे २२ दिवस झाले आहेत. म्हणजे टेस्ट नकारात्मक आली तर दिवस राहिलेले नाहीत असं समजायला हरकत नाही. मात्र टेस्ट होईपर्यंत घरातली कुठलीही हार्मोनची गोळी घेऊ नका.

टेस्ट सकारात्मक आली तर घाबरून गर्भपाताच्या गोळ्या आणायला धावू नका. ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात दिवस राहिले म्हणून गर्भ पाडावाच लागतो असं मुळीच नाही. अशी गरोदरपणं नीट देखरेखीत पार पडतात, पण देखरेख लवकर सुरू व्हावी लागते. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनाही कळवा. तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये अ जीवनसत्त्व कोणत्या रूपात आहे ते वेष्टनावर वाचा. रेटिनॉल जास्त झालं तर गर्भाला अपाय होऊ शकतो, त्यामुळे ते बीटा कॅरोटीनच्या रूपातलं हवं. पण म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, बदलून घ्या.

याशिवाय तीन गोष्टी तुम्हालाच डॉक्टरांना आठवण करून द्याव्या लागतील, कारण तुम्ही जाल त्या प्रत्येक दवाखान्यात बायपास झालेली गरोदर बाई पाहिलेली असेलच असं नाही. पहिली गोष्ट उलट्यांची. डोहाळ्यांत उलट्या वाढल्या की जवळच्या दवाखान्यात लगेच ग्लुकोजची बाटली लावतात. बायपास झालेल्या आणि काही दिवस अन्न न टिकलेल्या बाईच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब१, फार कमी झालेलं असू शकतं. अशा वेळी आधी ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज, हे ठामपणे सांगा. दुसरी गोष्ट साखरेच्या तपासणीची. आपल्याकडे गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देऊन दोन तासांनी रक्त घेतात. बायपासनंतर इतकी साखर थेट आतड्यात उतरते, त्यामुळे घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते, आणि नंतर साखर एकदम खाली घसरू शकते. शिवाय तो निकालही फसवा ठरतो. त्याऐवजी घरी ग्लुकोमीटरवर आठवडाभर उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर मोजून ती वही दाखवता येते. तिसरी गोष्ट पोटदुखीची. वाढत्या गर्भाशयाने आतडी वर ढकलली जातात आणि ऑपरेशनने बदललेल्या जागेत आतड्याचा एखादा वेढा अडकू शकतो. पोटाच्या वरच्या भागात कळा येऊन थांबत नसतील तर «ॲसिडिटी असेल» म्हणत बसू नका. ज्या हॉस्पिटलात बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणारे, सर्जन आहेत तिथे त्याच दिवशी जा.

आता टेस्ट नकारात्मक आली असं धरून पुढे जाऊ. मग पाळी का आली नाही, आणि आधी आपोआप का येऊ लागली, या दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं.

पीसीओएसमध्ये रक्तात इन्सुलिन जास्त असतं. ते अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं आणि त्याच वेळी ते हार्मोन बांधून ठेवणारं प्रथिन यकृताला कमी बनवू देतं. त्यामुळे बीजं अर्धवट वाढून थांबतात. बायपासनंतर इन्सुलिन काही आठवड्यांतच खाली येतं, वजन नीट उतरायच्याही आधी. अंडाशय मोकळं होतं आणि बीज सुटू लागतं. म्हणून पंधरा-वीस किलो उतरण्याची वाट न पाहता कित्येकींची पाळी परत येते. यातली धोक्याची बाब अशी, की बीज आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर साधारण चौदा दिवसांनी येते. पाळी दिसेपर्यंत आपण «बंद»च आहोत असं बाईला वाटत असतं, पण दिवस राहण्याची शक्यता त्याआधीच सुरू झालेली असते. उपचारांशिवाय दिवस राहणार नाहीत हे तुम्हाला सांगितलं गेलं तेव्हा वजन ११४ किलो होतं. आज ते तुम्हाला लागू नाही.

तुमच्याच तारखा घेऊ. पहिलं, २४ मेचं रक्त बहुधा महिनोन् महिने साचलेलं अस्तर सुटल्याचं असेल. १९ जूनच्या पाळीआधी बीज सुटलं असेल तर ते ५ जूनच्या आसपास, म्हणजे आधीची पाळी सुरू झाल्यापासून बारा दिवसांनी. २७ जुलैच्या आधी सुटलं असेल तर १३ जुलैच्या सुमारास, म्हणजे चोवीस दिवसांनी. एकीकडे बारा, दुसरीकडे चोवीस. दहाव्या ते विसाव्या दिवसापर्यंत जपायचं, पुढचे दिवस सुरक्षित, असा हिशोब तुम्ही धरला असता तर १३ जुलै तुम्ही सुरक्षितच मानला असता. वजन उतरत असताना चक्र इतकं पुढे-मागे होतं की कॅलेंडर आणि मोबाइलमधलं पाळीचं ॲप गर्भनिरोधासाठी कामाचंच राहत नाही. तारखा मात्र लिहीत राहा, त्या डॉक्टरांच्या कामी येतील.

या वेळी ४१ दिवस का झाले? याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे बीज उशिरा सुटलं किंवा सुटलंच नाही. पीसीओएस आटोक्यात येतं, पण पुसलं जात नाही. दुसरं कारण तुमच्या पत्रात आहे, श्रावणी सोमवारांत. ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात तुम्ही एरवीही फार कमी खात असणार. त्यात उपासाचे दिवस आले की शरीराला उपासमार जाणवते, आणि मेंदू अंडाशयाला दिलेला इशारा थांबवतो. वजन ८६ असलं तरी हे होऊ शकतं, कारण मेंदू एकूण वजन मोजत नाही, रोज येणारी ऊर्जा मोजतो. बायपासनंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. साबुदाण्याच्या खिचडीत ती जवळजवळ नसतात. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, वाटीभर घट्ट डाळीत सात-आठ ग्रॅम, असा हिशोब मांडा आणि आहारतज्ज्ञांना दाखवा. नवरात्र तोंडावर आहे. देवीचे नऊ दिवसांचे उपास यंदा करू नका, अशी कळकळीची विनंती. घट बसवा, आरती करा, पण ताटात पनीर, दही, डाळ राहू द्या.

तीन महिने उलटूनही पाळी आली नाही तर थांबू नका. बीज न सुटता गर्भाशयाचं अस्तर वाढत राहणं चांगलं नाही, औषधाने ते बाहेर काढावं लागतं.

आता त्या नऊ दिवसांकडे वळू. पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलंय, पण मला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच वाटली. चरबीत साठलेलं इस्ट्रोजेन वजन झरझर उतरताना रक्तात सुटतं. वर्षानुवर्षं पाळी लांबलेल्या बाईचं अस्तर आधीच जाड असतं. म्हणून पहिल्या काही महिन्यांत जास्त रक्तस्राव होणं अनपेक्षित नाही. पण «होतंच असं» म्हणून सोडण्यासारखंही नाही, कारण वाढलेलं वजन आणि पीसीओएस या जोडीत अस्तरात घातक बदल होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सोनोग्राफी करून घ्या. अस्तर जाड किंवा अनियमित दिसलं, किंवा असाच स्राव पुन्हा झाला, तर बारीक नळीने अस्तराचा नमुना घेतात. बहुतेक वेळा भूल लागत नाही, काही मिनिटांचं काम असतं. नको म्हणू नका.

दुसरं संकट लोहाचं. अन्नातलं लोह मुख्यतः जठराला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि मिनी बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. म्हणजे रक्त जातंय जास्त आणि भरून येतंय कमी. नुसतं हिमोग्लोबिन पाहून चालणार नाही, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही साठा रिकामा झालेला असू शकतो. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर साठा संपत आलाय असं धरतात. पाळी येत असलेल्या बाईला या ऑपरेशननंतर रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं, आणि कमतरता असेल तर डॉक्टर त्याहून बरंच वाढवतात. वेष्टनावर «एलिमेंटल आयर्न» किती लिहिलंय ते बघा, कारण क्षाराचं वजन आणि लोहाचं वजन वेगळं असतं. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तासांचं अंतर ठेवा. सकाळी लोह, दुपारी आणि रात्री कॅल्शियम, असं घड्याळ लावून घेतलंत तर गोंधळ होत नाही. गोळ्यांनी फेरिटिन वर येत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, त्यासाठी महिनोन् महिने थांबायचं कारण नाही. आणि लागोपाठ दोन तास दर तासाला पॅड भिजत असेल तर कशाचीही वाट न पाहता हॉस्पिटलात जा.

आता त्या जुन्या गोळ्या. सुरू करू नका. एक तर त्यांची मुदत संपलेली असू शकते, पण खरं कारण ते नाही. गोळी आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून शोषली जाते, आणि तोच भाग आता वाटेत नाही. ती प्रत्येकीत निकामी ठरते असं नाही, पण कोणाच्या शरीरात पुरेशी पोचते आणि कोणाच्या नाही हे घरी कळायचा मार्ग नाही. त्यात घेतल्यापासून तीन तासांत उलटी झाली तर ती गोळी गेली असंच मोजावं लागतं. शिवाय इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तुमचा बीएमआय ४५ वरून ३४ वर आलाय, पण अजून तिशीच्या वर आहे. प्रोजेस्टेरॉनच्या एकट्या गोळीत गुठळीचा हा धोका नाही, पण शोषणाचा प्रश्न तोच. सरकारी दवाखान्यात मिळणारी «छाया» हीही तोंडानेच घ्यायची गोळी आहे. ज्यांची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणजे फक्त जठर लहान केलंय आणि आतडं जागेवर आहे, त्यांच्यात शोषणाची अडचण अशी नसते. त्यांनी उलट्या आणि गुठळीचा धोका यांचाच विचार करावा.

संबंधानंतरची तातडीची गोळीही याच कारणांनी बेभरवशाची, आणि वजन ७० किलोच्या वर असलं की तिचा परिणाम आणखी घटतो. तुमच्यासारख्या परिस्थितीत संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे.

मग नेहमीसाठी काय? दीड वर्षाने मूल हवंय, रक्तस्राव जास्त आहे, फेरिटिन बहुधा कमी असणार, आणि अस्तर जाड असण्याची शक्यता आहे. या चार गोष्टी एकत्र धरल्या तर माझं मत हार्मोनच्या कॉइलकडे झुकतं. बरेच डॉक्टर तिला मिरेना या नावाने ओळखतात. ती तांबीसारखीच टी आकाराची असते आणि गर्भाशयात थोडं थोडं प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन सोडते. पोटातून शोषण्याचा प्रश्नच येत नाही. रक्तस्राव कमी होतो, अस्तराचं रक्षण होतं, आणि काढली की दिवस राहण्याची क्षमता लवकर परत येते. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागतात, ते ठाऊक असलं की घाबरायला होत नाही. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांत बसवली तर लगेच भरवसा धरता येतो, नंतर बसवली तर पुढचे सात दिवस निरोध वापरा. मात्र आधी सोनोग्राफी आणि, लागला तर, अस्तराचा नमुना. कारण न शोधता रक्तस्राव दाबून टाकणं बरोबर नाही.

साधी तांबी सिव्हिल हॉस्पिटलात आणि सरकारी दवाखान्यांत मोफत बसवतात, आणि गर्भ रोखण्यात ती उत्तम आहे. हार्मोनची कॉइल परवडत नसेल तर तांबी हा कमअस्सल पर्याय मुळीच नाही. पण तिने पाळीचा स्राव वाढू शकतो, म्हणून फेरिटिन वर येईपर्यंत तुमच्यासाठी ती माझी पहिली निवड नाही. «अंतरा» इंजेक्शनही मोफत मिळतं, तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं असतं. पण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला बहुतेकींना सात ते दहा महिने लागतात, वजन वाढू शकतं, आणि बायपासने कॅल्शियमचं शोषण आधीच कमी झालेलं असताना हाडांची घनताही घटू शकते. दीड वर्षाने मूल हवं असलेल्या बाईने ते घेऊ नये असं मला वाटतं. कॉइल बसेपर्यंत प्रत्येक वेळी निरोध, हे दोघांनी मिळून ठरवा.

याच जोडीने, ऑपरेशन न करता वजन कमी करणारी इंजेक्शनं घेणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना. टिर्झेपॅटाइड सुरू करताना आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर पुढचे चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, निरोधही वापरा. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं.

सासूबाईंना काय सांगायचं? पाळी आली म्हणजे बहुधा बीज सुटू लागलंय, एवढंच कळतं. पोटात मूल वाढवायला लागणारा साठा तयार आहे की नाही, हे पाळी सांगत नाही. वजन उतरत असताना शरीर स्वतःचाच साठा मोडून खात असतं. त्या काळात गर्भ राहिला तर लोह, ब१२, फोलेट आणि प्रथिनं यांची ओढाताण होते आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. म्हणून १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. तुमच्या बाबतीत ती खिडकी पुढच्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत येते. ३१ व्या वर्षी हे महिने हातात आहेत. तुम्ही ३७ वर्षांच्या असतात तर बारा महिन्यांवरच प्रयत्न सुरू करायचा विचार झाला असता. निव्वळ तारखेपेक्षा दोन-तीन महिने वजन एका जागी थांबलंय का, आणि रक्ताचे आकडे जागेवर आलेत का, हे पाहून ठरवणं जास्त शहाणपणाचं. मिस्टरांच्या वीर्याची तपासणी मात्र आत्ताच करून घ्यायला काही हरकत नाही. आजवर ती झाली नसेल तर अडचण एकट्या तुमच्याकडेच आहे असं धरून चालणं योग्य नाही.

कॉइल काढण्याच्या तीन महिने आधी फॉलिक ॲसिड सुरू होईल. बीएमआय तोवर तिशीच्या वरच असेल तर डॉक्टर ५ मिलिग्रॅमची मोठी मात्रा देतील. त्याआधी ब१२ तपासलंच पाहिजे, कारण मोठ्या मात्रेच्या फॉलिक ॲसिडने ब१२ च्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. कॉइल काढल्यानंतर वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर वंध्यत्व तज्ज्ञांकडे जा.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना ऑपरेशनचा कागद घेऊन जा, ज्यात कोणता बायपास आणि आतड्याचा किती भाग वगळला ते लिहिलेलं असतं. एका कागदावर पाळीच्या तारखा आणि किती पॅड लागले ते लिहा. चालू गोळ्यांची वेष्टनं पिशवीत टाका, पीसीओएससाठीची जुनी औषधंसुद्धा. रक्ताच्या चाचण्यांत हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड सांगून घ्या. टेस्टचा निकाल काहीही आला तरी ही भेट याच आठवड्यात व्हायला हवी.